मदत हवी आहे: नायसिनामाइड सीरमने पोर्स आणि तेलकटपणा खरंच कमी होतो का?

मुक्ता_क

माझं वय २७. नाक, कपाळ आणि नाकालगतचे गाल फार तेलकट आहेत, आणि गालांवरची छिद्रं हातभर अंतरावरूनही दिसतात. तीन आठवड्यांपूर्वी १० टक्के नायसिनामाइडचं सीरम आणलं. बाटलीवर झिंकही लिहिलंय. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा लावते, प्रत्येक वेळी पाच-सहा थेंब. त्याआधी २ टक्के सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश, तोही दोन्ही वेळा. सकाळी वर सनस्क्रीन. मॉइश्चरायझर बंद केलाय, कारण आधीच एवढं तेल आहे.

पहिले पाच दिवस चेहरा छान मऊ वाटला. आता सीरम लावलं की गालांवर झोंबतं, अर्धा तास लाली राहते आणि हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आल्यात. दुपारी नाक मात्र पूर्वीइतकंच चमकतं. छिद्रांमध्येही काडीचा फरक नाही.

सीरम चालू ठेवू की बंद करू? आणि मुळात याने पोर्स लहान होतात हे खरं आहे का? लोकांचे आधीचे-नंतरचे फोटो पाहून खूप आशा लावून बसले होते, म्हणून विचारतेय.

अनघा

घाबरू नकोस गं, याला पर्जिंग म्हणतात. आतली घाण बाहेर येते, म्हणून आधी पुटकुळ्या वाढतात. महिनाभर नेटाने लाव, नंतर चेहरा स्वच्छ होतो. माझं अगदी असंच झालं होतं. फक्त व्हिटॅमिन सी लावत असशील तर ते बंद कर. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि चेहरा लाल होतो.

निखिल_लॅब

मी बरीच वर्षं क्रीम-सीरमच्या फॉर्म्युलेशनवर काम करतो. अनघाताई, पर्जिंग असतं, पण ते रेटिनॉइड किंवा अॅसिडसारख्या गोष्टींनी होतं. त्या कातडीचे थर लवकर पाडतात, त्यामुळे आत तयार होत असलेले कोंब आधी वर येतात. नायसिनामाइड तसं काम करत नाही. त्यावर पुटकुळ्या आल्या, वर झोंबतंय आणि लालीही आहे, तर त्वचा वैतागली आहे असंच धरून चालावं. इथे 'महिनाभर नेटाने' हा सल्ला मी देणार नाही.

व्हिटॅमिन सीचं म्हणाल तर ती भीती जुनी आहे. नायसिनामाइड खूप आम्ल द्रावणात, उष्णतेत, बराच काळ राहिलं तर त्याचं थोडं नायसिन होतं, आणि नायसिनने चेहरा लाल होऊ शकतो. चेहऱ्यावर एकावर एक लावल्यावर तेवढा वेळही नसतो आणि तेवढी उष्णताही नसते. तरी कुणाला दोन्ही मिळून झोंबत असेल तर एक सकाळी, एक रात्री लावावं.

मुक्ता, आता तुमचा मूळ प्रश्न. तेलाबद्दल उत्तर 'थोडं, काही जणांमध्ये' असं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ टक्के नायसिनामाइड वापरलं होतं, म्हणजे तुमच्या सीरमच्या पाचव्या हिश्श्याइतकं. जपानी गटात चार आठवड्यांत तेल सुटण्याचा वेग कमी झाला. गोऱ्या लोकांच्या गटात तो वेग तितका बदलला नाही, पण सहा आठवड्यांनी त्वचेवर साठलेलं तेल मात्र कमी मोजलं गेलं. म्हणजे परिणाम आहे, पण सगळ्यांवर सारखा नाही आणि तीन आठवड्यांत निकाल लावण्यासारखाही नाही.

छिद्रांचं उत्तर जास्त निराश करेल. पोर म्हणजे केसाच्या मुळाचं आणि तेलग्रंथीचं तोंड. त्याला स्नायू नसतो, त्यामुळे ते उघडत नाही की मिटत नाही. ते मोठं दिसतं याची कारणं बहुधा तीन: आतून तेल जास्त येतं, तोंडाशी तेल आणि मृत पेशींचा खडा अडकतो, किंवा उन्हाने आणि वयाने आजूबाजूची कातडी सैल पडते आणि काठ कोसळतो. नायसिनामाइड पहिल्या कारणावर थोडं काम करतं आणि त्वचेचा अडसर, म्हणजे ओलावा आत धरून ठेवणारा वरचा थर, मजबूत करतं, म्हणून काठ नितळ दिसू शकतात. भोक लहान होत नाही, कमी नजरेत भरतं.

मला एक सांगा, फेसवॉशनंतर त्वचा ताणल्यासारखी वाटते का?

प्रज्ञा_रा

नाकावरचे काळे ठिपके काढायला मी पट्टी वापरते. ओढली की सगळं निघतं, दोन दिवस नाक लख्ख. सीरमपेक्षा ते सोपं नाही का? की नायसिनामाइडने ठिपके विरघळतात?

निखिल_लॅब

प्रज्ञाताई, मुक्ताचा प्रश्न तेलकटपणा आणि छिद्रांचा आहे, पण तुमचाही त्याच्या शेजारचाच. नाकावरचे ते बारीक करडे ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतात. तेल वर आणणारी वात म्हणावी तशी ती रचना असते. ओढून काढली तरी काही आठवड्यांत परत भरते, कारण तिथे ती असायलाच हवी. नायसिनामाइड तिला विरघळवत नाही. तेलात शिरून तो गाळ सैल करायचं काम सॅलिसिलिक अॅसिडचं. पट्टी वारंवार ओढू नका, वरचा थर सोलतो.

मुक्ता_क

हो, चेहरा धुतल्यावर हसायला गेलं तरी गाल ताणतात. मला वाटायचं तेच स्वच्छतेचं लक्षण.

निखिल_लॅब

मग मला संशय फेसवॉशचा जास्त आहे. दिवसातून दोनदा सॅलिसिलिक, वर मॉइश्चरायझर नाही, आणि त्यावर १० टक्क्यांचं सीरम दोनदा. त्वचेचा अडसर झिजला की साधं पाणीही झोंबतं. बाजारात १० टक्के चालतं कारण मोठा आकडा विकला जातो. अभ्यास बहुतेक २ ते ५ टक्क्यांवर झालेत. ५ च्या वर फायदा त्या प्रमाणात वाढल्याचं मला कुठे पटण्यासारखं दिसलेलं नाही, झोंबण्याच्या तक्रारी मात्र वाढतात.

असं करा. दोन आठवडे सीरम पूर्ण बंद. साधा, सौम्य फेसवॉश रात्री, सकाळी नुसतं पाणी. हलकं जेलसारखं मॉइश्चरायझर दोन्ही वेळा, सकाळी सनस्क्रीन. झोंबणं पूर्ण थांबलं की ४ किंवा ५ टक्क्यांचं सीरम आणा आणि फक्त अर्ध्या चेहऱ्यावर लावा, डाव्या बाजूला, एकाआड एक रात्री, दोन थेंब. उजवी बाजू बाकी सगळ्या बाबतींत तशीच ठेवा. चेहरा किंचित ओलसर असताना सीरम, ते मुरलं की मॉइश्चरायझर. दोन आठवडे त्रास झाला नाही तर रोज रात्री. आठ आठवड्यांआधी मत बनवू नका.

मोजायचं असं: सकाळी चेहरा धुतल्यावर बरोबर चार तासांनी नाकाच्या दोन्ही बाजूंना टिपकागदाचे सारखे तुकडे दहा सेकंद दाबा आणि उजेडाकडे धरून पारदर्शक डाग किती मोठा ते पाहा. आठवड्यातून दोनदा, तेही मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावलेलं नसेल अशा सकाळी, घरातच असताना. नाहीतर क्रीमचंच तेल मोजलं जाईल. फोटो एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, फ्लॅशशिवाय. आरशासमोरच्या मतावर विसंबू नका, आपल्याला हवं तेच दिसतं.

सुहास

माझा अनुभव वेगळाच. सीरमवर लगेच सनस्क्रीन चोळलं की खोडरबरासारखे बारीक गोळे पडतात. शेवटी सीरम सोडून दिलं. ५ टक्के असलेलं मॉइश्चरायझर घेतलं तर चालेल का? वेगळं सीरम हवंच असं काही आहे का?

निखिल_लॅब

मुळीच नाही. त्वचेला बाटलीचा आकार कळत नाही. गोळे पडतात कारण वरचा थर सुकायच्या आत चोळला जातो, किंवा थेंब जास्त होतात. कमी घ्या, दोन-तीन मिनिटं थांबा, सनस्क्रीन चोळण्याऐवजी थापून पसरवा. तरी पडले तर मॉइश्चरायझरमधूनच घ्या. सनस्क्रीनचा थर फाटणं जास्त नुकसानीचं.

मुक्ता_क (साडेदहा आठवड्यांनी)

निखिलदादा, ताई, सगळं अगदी तुम्ही सांगितलं तसं केलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सीरम बंद केल्यावर सहाव्या दिवशी झोंबणं थांबलं, बाराव्या दिवसापर्यंत हनुवटीवरच्या पुटकुळ्या बसल्या. पंधराव्या दिवशी ५ टक्क्यांचं सीरम डाव्या बाजूला सुरू केलं. एकदाही लाली आली नाही.

टिपकागदाचं सांगते. पहिले चार आठवडे दोन्ही बाजूंचे डाग जवळजवळ सारखे होते. पाचव्या आठवड्यापासून डावा डाग थोडा लहान दिसू लागला, आठव्यापर्यंत तो उजव्याच्या अंदाजे पाऊणपट होता. दर वेळी नाही, पण शेवटच्या सहा मोजण्यांपैकी पाचांत. दुपारी नाक चमकतंच, फक्त चमक तासभर उशिरा येते.

फोटोंसाठी माझ्या घरच्या ताईला न सांगता आधीचे आणि नंतरचे मिसळून दिले. कुठली बाजू सीरमची हे तिला ओळखताच आलं नाही. पण आधीचे फोटो कुठले हे तिने लगेच ओळखलं, कारण दोन्ही गाल आता नितळ दिसतात! म्हणजे ज्या बाजूला सीरम लागलंच नाही तिथेही छिद्रं कमी उठून दिसतात. याचा अर्थ फरक सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझरने पडला ना? महिनाभर मी सीरमकडून अपेक्षा ठेवत होते, आणि गालांवरची सूज आणि कोरडे काठ माझ्याच दिनक्रमाने केलेले होते.

निखिल_लॅब

तुमच्या आकड्यांवरून मला तसंच दिसतं. सुजलेल्या, कोरड्या काठांमुळे प्रत्येक भोकाभोवती सावली पडते, तीच आता गेली. तेलात डाव्या बाजूला खरा फरक असावा, पण एका चेहऱ्यावरून मी शपथ घेणार नाही. तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता यानेही थोडा फरक पडू शकतो.

अनघा

पण मग मी महिनाभर लावत राहिले आणि माझा चेहरा खरंच सुधारला, त्याचं काय? मला त्रास आपोआप थांबला होता.

निखिल_लॅब

काहींची त्वचा सरावते, आणि काही पुटकुळ्या औषध न लावताही बसतात. दुसऱ्या बाजूला काही न लावता पाहिलं नसेल तर कशामुळे झालं हे तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही.

मुक्ता_क

मी उजवीकडेच झोपते, हे लिहायचं राहिलं. आता सीरम उजवीकडे लावून परत आठ आठवडे बघते, डाग त्या बाजूला लहान होतो का ते. सॅलिसिलिक आठवड्यातून दोनदा नाकापुरतं चालेल ना, की दोन बदल एकदम नकोत?

निखिल_लॅब

दोन बदल एकदम नकोत. आधी बाजू बदला, सॅलिसिलिक त्यानंतर.