मदत हवी आहे: तीनच बिंदू घेऊन पाचव्या कोटीपर्यंत अचूक इंटिग्रल कसं येतं?

मृण्मयी_गणित
एमएससीच्या न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिसमध्ये गाउस क्वाड्रेचरपाशी गाडी अडली आहे. -1 ते 1 वर तीन नोड घ्यायचे: 0 आणि ±√(3/5). मधल्याचं वेट 8/9, कडेच्या दोघांचं 5/9. x⁴ घालून पाहिलं, तर 2·(5/9)·(9/25) = 2/5, म्हणजे अगदी खरं उत्तर. सिम्प्सनचा नियमही -1, 0, 1 असे तीनच बिंदू घेतो, पण त्याचं उत्तर 2/3 येतं.
तीन बिंदूंतून फार तर एक परवलय ठरतं. मग वरच्या कोटी फुकटात कशा मिळतात? आणि नोड लेजांड्र बहुपदीच्या मुळांवरच का? पडताळा जमतो, कारण हवं आहे.

दशांश
सोपं आहे. तीन नोड आणि तीन वेट, म्हणजे सहा अज्ञातं. 1 पासून x⁵ पर्यंत सहा अटी. सहा समीकरणं सोडवा, संपलं. n नोड असतील तर 2n अज्ञातं, म्हणून 2n-1 कोटी.

बाकी_शून्य
दशांश, मोजदाद बरोबर आहे, पण तेवढ्याने काम होत नाही. ही समीकरणं नोडच्या बाबतीत रेषीय नाहीत, त्यामुळे वास्तव उत्तर मिळेलच असं नाही. सगळी वेट सारखीच हवीत असा हट्ट धरून 8 नोड शोधून पाहा. चेबिशेवच्या त्या नियमातही अज्ञातं आणि अटी जुळतात, तरी काही नोड कॉम्प्लेक्स निघतात.

मृण्मयी, तुमचंच x⁴ घ्या आणि त्याला x³ - (3/5)x ने भागा. याची मुळं म्हणजेच तुमचे नोड.

x⁴ = x·(x³ - (3/5)x) + (3/5)x²

नोडवर कंस शून्य होतो, म्हणून नियमाला पहिलं पद दिसतच नाही. त्याला फक्त बाकी दिसते, (3/5)x². ती दुसऱ्या कोटीची, म्हणजे तुमचं परवलय, आणि तिचं इंटिग्रल तीन बिंदूंतून अचूक येतं: 2/5. आता पहिल्या पदाचं खरं इंटिग्रल काढा: 2/5 - (3/5)(2/3) = 0. नियमाने जे पाहिलं नाही, त्याचं मोलच शून्य होतं!

सिम्प्सनला हेच करा. भाजक x³ - x, बाकी x². टाकून दिलेल्या पदाचं इंटिग्रल 2/5 - 2/3 = -4/15, शून्य नाही. तुमच्या उत्तरातली चूक नेमकी तेवढीच आहे.

पाचव्या कोटीपर्यंत भागाकार फार तर दुसऱ्या कोटीचा येतो. तेव्हा भाजक 1, x, x² या तिघांशी ऑर्थोगोनल हवा, आणि तिसऱ्या कोटीत तसा एकच असतो, लेजांड्रचा (स्थिर गुणक सोडून). गाउसने हा नियम 1814 मध्ये वेगळ्याच वाटेने काढला होता. ऑर्थोगोनल बहुपदींचा हा धागा याकोबीने 1826 मध्ये दाखवला.

मुळं वास्तव आणि आतच का? समजा भाजक आत तीनपेक्षा कमी ठिकाणी चिन्ह बदलतो. त्या ठिकाणांचे घटक घेऊन त्याला गुणा. गुणाकार कुठेच चिन्ह बदलणार नाही, म्हणून त्याचं इंटिग्रल शून्य होऊ शकत नाही. पण ऑर्थोगोनल असल्याने ते शून्यच असायला हवं. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नाही.

सहाव्या कोटीला मात्र गाडी थांबते. भाजकाचा वर्ग घ्या: नियम शून्य देतो, खरं इंटिग्रल धन असतं. x⁶ वर 0.24 मिळतं, हवं असतं 2/7, म्हणजे 0.2857.

साइटवरचा
माझं जरा वेगळं आहे. बीमवरचा भार मध्येच एका बिंदूपाशी एकदम उतार बदलतो. गाउसचे नोड वाढवत नेले तरी उत्तर स्थिरावत नाही. वेट चुकीची उतरवली असतील का?

बाकी_शून्य
वेटवर संशय असेल तर त्यांची बेरीज 2 येते का पाहा. पण मला दोष त्या कोपऱ्याचा वाटतो. |x| वर दोन नोड 1.1547 देतात, तीन नोड 0.8607, आणि खरं उत्तर 1. वर सांगितलेली सगळी हमी बहुपदीची आहे, आणि कोपरा असलेलं फंक्शन बहुपदीच्या जवळ जायला फार वेळ घेतं. गुळगुळीत फंक्शनला नोड वाढवले की आकडे भराभर स्थिर होतात. तसे होत नसतील तर आधी कोपरा शोधा आणि तिथेच तुकडे पाडा. |x| चे 0 पाशी दोन तुकडे केले तर प्रत्येकाला एक नोड पुरतो.

मृण्मयी_गणित
भागाकारामुळे लख्ख कळलं, मनापासून आभार. मग त्रिकोणावर इंटिग्रेट करायचं असेल तर? तिथेही बहुपदीची मुळंच घ्यायची?

बाकी_शून्य
चौकोन असता तर दोन्ही दिशांनी हेच नोड घेऊन भागलं असतं. त्रिकोणावर दोन चलांच्या बहुपदींची सामाईक मुळं लागतात, आणि ती हवी तितकी, आतच मिळतील अशी हमी नाही. दिलेल्या कोटीसाठी कमीत कमी किती बिंदू पुरतील, याचं सर्वसाधारण उत्तर आजही नाही. वापरात असलेले बरेच नियम समीकरणं संगणकावर सोडवून काढलेले आहेत.

दशांश
म्हणजे तिथे पुन्हा माझी मोजदादच?

बाकी_शून्य
सुरुवात तिथूनच करतात. पण बिंदू त्रिकोणाबाहेर गेला किंवा वेट ऋण आलं, तर तो नियम बहुधा टाकून द्यावा लागतो.