'सार्वभौमत्व' की 'सार्वभौम हक्क'? सागरी सीमेच्या युक्तिवादातील एक शब्द

मृण्मयी : पुण्यात आमच्या महाविद्यालयात अभिरूप न्यायालयाची मराठी फेरी आहे आणि मला न्यायाधिकरणासमोर 'क' देशाची बाजू मांडायची आहे. 'क' आणि 'ख' या काल्पनिक देशांचे किनारे एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे नदीच्या मुखापासून समुद्रात सीमारेषा कशी न्यायची हा पहिला मुद्दा आहे. दुसरा मुद्दा असा, की किनाऱ्यापासून ६० सागरी मैलांवर मासेमारी नौकांना डिझेल पुरवणारे एका तिसऱ्या देशाचे जहाज 'क'च्या गस्ती नौकेने अडवले आणि बंदरात आणले. माझ्या मसुद्यातील वाक्य असे आहे : "सीमारेषेच्या पश्चिमेकडील समुद्र 'क'च्या सार्वभौमत्वाखालील प्रदेश असल्यामुळे तेथे परवानगीवाचून झालेले नौवहन बेकायदेशीर आहे." सरावाच्या वेळी आमच्या मार्गदर्शकांनी 'सार्वभौमत्वाखालील प्रदेश' या शब्दांखाली रेघ ओढली आणि बाजूला 'सार्वभौम हक्क' एवढेच लिहिले. दोन्हींत नेमका काय फरक आहे?

दत्तात्रय : आमच्या मुळशीकडच्या शेताची हद्दकायम मोजणी मी स्वतः करून घेतली आहे, म्हणून सांगतो. हद्द एकदा कायम झाली, की बांधाच्या अलीकडचे सगळे आपले आणि पलीकडचे शेजाऱ्याचे. विनापरवाना आत आला तर ते अतिक्रमण. समुद्रातही निम्मा-निम्मा वाटा करून रेषा मारली की प्रश्न मिटायला हवा. शब्द कोणताही वापरा, अर्थ मालकी हाच.

माधव : मी अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर होतो, त्यामुळे दत्तात्रयरावांशी सहमत होता येत नाही. किनाऱ्यापासून १२ मैलांच्या आत देशाचे सार्वभौमत्व असते आणि तेथे जाण्यासाठी परवानगी लागते. त्याच्या बाहेर समुद्र सर्वांना मोकळा आणि तेथे कोणीही कोणाला अडवू शकत नाही. त्यामुळे ६० मैलांवर अडवलेल्या जहाजाच्या बाबतीत 'क' देश हरणारच, असे मला वाटते.

अरुंधती : माधवराव, १२ मैलांचा आकडा बरोबर आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना तुम्ही जे सांगितले त्यात मात्र दुरुस्ती हवी. १९८२च्या सागरी कायदा करारानुसार प्रादेशिक समुद्रातही परदेशी जहाजाला निर्दोष गमनाचा हक्क आहे. वाटेत मासेमारी न करता, किनारी देशाच्या शांततेला बाधा न आणता सलग पुढे जाणाऱ्या मालवाहू जहाजाला त्यासाठी परवानगी मागावी लागत नाही. तुम्ही ज्या परवानग्या घेतल्या असतील त्या बहुधा बंदरात शिरण्याच्या असाव्यात आणि तो वेगळा विषय आहे. दुसरीकडे, १२ ते २०० मैलांचा पट्टा सर्वस्वी मोकळाही नाही. तो अनन्य आर्थिक क्षेत्राचा पट्टा आहे आणि तेथे किनारी देशाला मासे, तेल, वायू यांसारख्या साधनसंपत्तीपुरते सार्वभौम हक्क आहेत. नौवहनाचे स्वातंत्र्य मात्र तेथे सर्व देशांकडे राहते.

मृण्मयी, तुमच्या मार्गदर्शकांची रेघ नेमक्या जागी पडली आहे. 'प्रदेश' म्हटले की अध्यक्ष लगेच विचारतील, "रेषा दहा मैल इकडेतिकडे सरकली, तर एखाद्या प्रवासी जहाजाच्या हक्कात काय फरक पडेल?" प्रामाणिक उत्तर आहे, काहीच नाही, कारण रेषेच्या दोन्ही बाजूंना त्याला तेच स्वातंत्र्य आहे. रेषा कोणाला अडवता येईल हे ठरवत नाही. माशांवर आणि समुद्रतळावर हक्क कोणाचा, एवढेच ती ठरवते. तुमचे वाक्य मात्र या दोन्ही मुद्द्यांना एकत्र बांधते, आणि त्यामुळे पहिला मुद्दा जिंकूनही दुसरा हातचा जाईल.

बांगलादेश आणि भारत यांच्या वादात ७ जुलै २०१४ रोजी लवाद न्यायाधिकरणाने दिलेला निवाडा यासाठी फार उपयोगी आहे. तेथे बंगालच्या उपसागरात असा एक तुकडा तयार झाला, जो बांगलादेशच्या किनाऱ्यापासून २०० मैलांच्या पलीकडे आणि भारताच्या किनाऱ्यापासून २०० मैलांच्या आत आहे. त्या तुकड्यात समुद्रतळावरील हक्क बांगलादेशचे आणि वरच्या पाण्यातील हक्क भारताचे राहिले. हा 'प्रदेश' मानला, तर तो कोणाचा म्हणायचा? 'सार्वभौम हक्क' म्हटले की अडचण उरत नाही, कारण हक्क विषयागणिक वेगवेगळ्या हाती असू शकतात आणि वरून जाणारे जहाज दोघांपैकी कोणालाही विचारत नाही.

दत्तात्रयराव, निम्म्या वाट्याचेही त्याच निवाड्यात उत्तर आहे. आधी दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची तात्पुरती समदूर रेषा काढतात, मग तिच्यात बदल करण्याजोगी परिस्थिती आहे का ते पाहतात आणि शेवटी वाटणी किनाऱ्यांच्या लांबीच्या मानाने ढळढळीत विषम तर होत नाही ना, याची तपासणी करतात. बांगलादेशचा किनारा आत वळलेला असल्यामुळे समदूर रेषेने त्याचे क्षेत्र समुद्राकडे जाता जाता आवळले जात होते. म्हणून बांगलादेशने १८० अंशांची, सरळ दक्षिणेला जाणारी रेषा मागितली. न्यायाधिकरणाने समदूर रेषेत बदल करून १७७ अंश ३० मिनिटांची दिली. विचारात घेतलेल्या क्षेत्रापैकी बांगलादेशकडे एक भाग आले, तर भारताकडे सुमारे २.८ भाग. ही वाटणी समसमान नाही, तरीही न्यायाधिकरणाने ती न्याय्य मानली.

मृण्मयी : मग अडवलेल्या जहाजाच्या बाबतीत 'क'कडे काही आधारच उरत नाही का?

अरुंधती : उरतो, पण त्यासाठी मुद्दा बदलायला हवा. १९९९च्या 'सायगा' प्रकरणात गिनीने अनन्य आर्थिक क्षेत्रात इंधन पुरवणाऱ्या जहाजावर सीमाशुल्काचा कायदा लावला. हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाने तो तेथे लागू होत नाही असे ठरवले. पुढे २०१४मध्ये 'व्हर्जिनिया जी' प्रकरणात त्याच न्यायाधिकरणाने मान्य केले, की आपल्या क्षेत्रात मासेमारी करणाऱ्या परदेशी नौकांना होणारा इंधनपुरवठा किनारी देश नियंत्रित करू शकतो, कारण तो माशांच्या जतनाशी आणि व्यवस्थापनाशी जोडलेला आहे. जहाज जप्त करणे त्या प्रकरणात मात्र अवाजवी ठरले. म्हणून 'क'च्या अधिकाऱ्यांनी कोणत्या कायद्याचे कलम लावले, हे तुमच्या प्रश्नपत्रिकेत आधी शोधा. कलम सीमाशुल्काचे असेल तर बाजू लंगडी पडेल. मासेमारीचे असेल, तर तुम्हाला उभे राहायला जागा आहे.

मृण्मयी : कलम मासेमारी नियमनाचेच आहे. मग वाक्य असे करते : "अडवलेल्या जहाजाच्या नौवहनास 'क' हरकत घेत नाही, त्या जहाजाने मासेमारी नौकांना विनापरवाना केलेला इंधनपुरवठा 'क'च्या सजीव साधनसंपत्तीवरील सार्वभौम हक्कांच्या कक्षेत येतो." जहाज बंदरात आणल्याचे समर्थन प्रमाणाच्या मुद्द्यावर वेगळे करावे लागेल, हे लक्षात आले.

माधव : हे पटले. फक्त 'नौवहन' ऐवजी 'नौकानयन' का नको? आमच्या बोलण्यात तोच शब्द होता.

अरुंधती : नौकानयन म्हटले की पुण्यात तरी लोकांना नदीवरच्या शर्यतीच्या होड्या आठवतात. मी नौवहन ठेवीन, पण याला माझा आग्रह नाही.

माधव : आणि युद्धनौकांचे काय? एप्रिल २०२१मध्ये लक्षद्वीपच्या पश्चिमेला अमेरिकेच्या नौदलाने भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून परवानगीवाचून जहाज नेले आणि तसे जाहीरही केले. ते नौवहनाचे स्वातंत्र्यच म्हणायचे का?

अरुंधती : अमेरिका तसेच म्हणते. भारताची भूमिका अशी, की अनन्य आर्थिक क्षेत्रात परक्या देशाच्या लष्करी कवायतींना आपली संमती लागते. १९९५मध्ये करार मान्य करताना आपण तसे निवेदनही केले होते. नुसते पुढे जाणे कोठे संपते आणि कवायत कोठे सुरू होते, याबद्दल देशांत आजही एकमत नाही. मृण्मयी, तुमच्या खटल्यात युद्धनौका नाही, म्हणून हा विषय आपण होऊन काढू नका. अध्यक्षांनी विचारलेच, तर तो या वादाबाहेरचा आहे असे सांगून इंधनपुरवठ्याकडे परत या.