ऑफिसच्या ग्रुपवर मराठी, इंग्रजी की खिचडी?

चाकणवाला: आमच्या डिस्पॅचच्या ग्रुपवर सात मराठी, एक बिहारचा आणि कोइमतूरच्या गोदामातले दोन तमिळ. गेल्या आठवड्यात मी टाकलं, "gadi kal sodli". म्हणजे गाडी काल सोडली. तिकडच्याला जुजबी हिंदी येतं, त्याने kal म्हणजे उद्या धरलं. गाडी दारात आली तेव्हा हमालच नाहीत, एक दिवसाचं हॉल्टिंग अंगावर. साहेब म्हणतात, आता फक्त इंग्रजी. पटतं का तुम्हाला?

सरळसोट: साहेबांचं बरोबर आहे. दहातल्या दोघांना कळत नसेल तर तो कामाचा ग्रुप कसला? गप्पांसाठी वेगळा काढा.

मायबोली: महाराष्ट्रात राहून मराठी का सोडायची? परवा बँकेतही माझ्याशी हिंदीत बोलले.

सरळसोट: अहो, तो तमिळ माणूस कोइमतूरला बसलाय. तुमच्या बँकेत नाही.

जुना_सुपरवायझर: बावीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. आमच्याकडे इंग्रजीची सक्ती झाली तेव्हा निरोप सुधारले नाहीत, आटले. जो फिटर आधी लिहायचा, "बेअरिंगमधून घासल्यासारखा आवाज येतोय, गरम झालं की वाढतो", तोच लिहायला लागला, "machine problem sir". पुढे सगळ्याला "ok sir". ते ओके म्हणजे वाचलं, कळलं की करतो, हे विचारायला खाली जावं लागायचं. म्हणून आम्ही पद्धत बदलली. बिघाड ज्याने त्याने आपल्या भाषेत सविस्तर सांगायचा आणि ज्याला पुढचं काम करायचंय त्याच्यासाठी खाली इंग्रजीत एक ओळ. चाकणवाले, तुमची ओळ अशी झाली असती: "Truck left Chakan 11 March. Unloading 13 March, 4 men." गाडीचा नंबरही त्यातच. Kal, parso, udya काही नको. आपला "परवा" तरी कुठे सरळ आहे, मागचाही तोच आणि पुढचाही तोच!

देवनागरीप्रेमी: चूक मराठीची नाही, रोमन लिपीची. देवनागरीत काल आणि कल वेगळे दिसतात.

जुना_सुपरवायझर: बिहारच्या माणसाला दिसतील. कोइमतूरच्याला अक्षरच वाचता येत नसेल तर?

रात्रपाळी: तारखेचंही सांभाळा. आमच्या अमेरिकन टीमला मी 03/04 लिहिलं, 3 एप्रिल म्हणून. त्यांनी 4 मार्च वाचलं. भाषा शुद्ध इंग्रजी होती! तेव्हापासून महिना अक्षरात लिहितो.

चाकणवाला: एक ओळ इंग्रजीत, हे जमेल. पण वर आमचं मराठी चाललं की कोइमतूरचे दोघे गप्पच असतात. आपल्यावरच बोलतायत असं त्यांना वाटत असेल का?

सरळसोट: वाटणारच. मी चेन्नईत दोन वर्षं तेच भोगलंय.

जुना_सुपरवायझर: याला माझ्याकडे तोड नाही. आमच्याकडे सगळे एकाच छताखाली होते, चहाला भेटायचे.