मदत हवी आहे: पॅनेलमधल्या हवेचा स्टडी लावलाय, पण प्रेशरचा प्लॉट सगळा एकाच रंगाचा येतोय

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी, रबाळे एमआयडीसीत एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे. कंट्रोल पॅनेल आहे, ६०० रुंद, ८०० उंच, ३०० खोल, आत एक ड्राइव्ह आणि दोन पॉवर सप्लाय, सगळं मिळून साधारण ३०० वॅट उष्णता. डाव्या बाजूच्या पत्र्याला खाली लूव्हर आहे, १२५ बाय १२५ चा कटआउट, पट्ट्या सोडून मोकळी जागा फार तर ३० टक्के, आणि उजव्या बाजूला वर १२० एमएमचा एक्झॉस्ट फॅन. कस्टमरला एअरफ्लोचा रिपोर्ट हवाय म्हणून सॉलिडवर्क्स फ्लो सिम्युलेशनमध्ये इंटर्नल स्टडी लावला, दोन्ही ओपनिंगना लिड टाकले, लूव्हरवर Environment Pressure आणि फॅनच्या लिडवर बाहेर जाणारा व्हॉल्यूम फ्लो १७० घनमीटर प्रति तास दिला, कारण कॅटलॉगमध्ये तेवढाच लिहिलाय. तापमान अजून घेतलेलं नाही, आधी नुसती हवा बघतोय.

आता प्रेशरच्या Cut Plot मध्ये अख्खा डबा 101175 च्या आसपास, एकच निळा रंग, फक्त लूव्हरपाशी थोडे रंग बदलतात. वेलोसिटीमध्ये लूव्हरपासून समोरच्या भिंतीपर्यंत एक लाल पट्टा आणि बाकी सगळं निळं, ड्राइव्ह त्या निळ्यातच बसलाय. सोल्व्हर व्यवस्थित थांबला, गोल्सचे ग्राफ सपाट आहेत, आत जाणारी आणि बाहेर पडणारी हवा पण जुळतेय. मग हे बरोबर समजायचं का? आणि आत प्रेशर सगळीकडे सारखं म्हणजे हवा फिरतच नाहीये असं आहे का?

फोमवाला_तुर्भे:
भावा, 101175 बघूनच कळतंय की रेफरन्स प्रेशर गडबडलंय. मी ओपनफोम वापरतो, तिथे आउटलेटला p शून्य देतो आणि सगळं गेजमध्ये वाचतो. तू पण 101325 काढून 0 टाक, प्लॉट आपोआप नीट दिसेल. आणि लूव्हरच्या पट्ट्यांमध्ये मेश बारीक कर, दोन पट्ट्यांच्या फटीत एक-दोनच सेल असतील तर तिथला प्रेशर ड्रॉप कसाही येतो.

घोडबंदर_काका:
आमच्याकडेही हाच प्रॉब्लेम आहे. किचनमध्ये मोठा एक्झॉस्ट लावलाय, आवाज भरपूर पण फोडणीचा धूर काही जात नाही. फॅन बदलू का? दुकानदार म्हणतो जास्त आरपीएमचा घ्या.

वैशाली_ठाणे:
ऐरोलीकर, आधी एक गोष्ट, 101325 च्या जागी 0 अजिबात टाकू नकोस. तुझं सॉफ्टवेअर अॅब्सोल्यूट प्रेशरवर चालतं, तिथे शून्य म्हणजे व्हॅक्यूम. फोमवाला म्हणतायत ते त्यांच्या सोल्व्हरला बरोबर आहे, तुझ्या नाही. तू फक्त प्लॉटमध्ये Pressure च्या ऐवजी Relative Pressure निवड, म्हणजे डब्यात उणे १५० पास्कल दिसेल. मेशचं त्यांचं म्हणणं मात्र ऐकण्यासारखं आहे, फटीच्या आडव्या मापात निदान पाच-सहा सेल ठेव.

आता एकच रंग का. डब्याचा आडवा छेद ०.६ गुणिले ०.३ म्हणजे ०.१८ चौरस मीटर. १७० घनमीटर प्रति तास म्हणजे सेकंदाला ०.०४७ घनमीटर, त्याला छेदाने भाग की वर चढणाऱ्या हवेचा सरासरी वेग येतो पाव मीटर प्रति सेकंद. एवढ्या वेगाचं डायनॅमिक प्रेशर अर्धा गुणिले १.२ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे एक पास्कलच्या विसाव्या भागापेक्षाही कमी. तुझी स्केल १५० पास्कलची आहे, त्यात हा फरक दिसणार कसा? म्हणजे हवा फिरतेय, पण फिरण्यासाठी आत प्रेशर जवळपास खर्चच होत नाही. रंग जिथे झपकन बदलतो तिथेच खरी अडवणूक असते, आणि तुझ्या प्लॉटमध्ये ती सगळी लूव्हरवर आहे. मोकळी जागा ३० टक्के म्हणजे जेमतेम ०.००४७ चौरस मीटर, तिथून सगळी हवा जायची तर वेग १० मीटर प्रति सेकंद होतो. तेवढ्या वेगाचं डायनॅमिक प्रेशरच ६० पास्कल, आणि पट्ट्यांमधून वळत जाताना त्याच्या दोन-अडीच पट सहज जातं. म्हणजे १५० हा आकडा चुकीचा वाटत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. तुझ्या फॅनचं जास्तीत जास्त स्टॅटिक प्रेशर कॅटलॉगमध्ये किती दिलंय?

ऐरोलीकर:
ताई, ७५ पास्कल लिहिलंय.

वैशाली_ठाणे:
मग बघ, तू सॉफ्टवेअरला सांगितलंस की १७० बाहेर जाणारच, आणि त्याने ते केलं, कारण त्याला फॅनची ताकद माहीतच नाही. त्यासाठी लागणारं १५० पास्कल त्याने प्लॉटमध्ये दाखवून दिलं. फॅन देऊ शकतो ७५, तेही हवा पूर्ण अडवलेली असताना. कॅटलॉगमधला १७० हा समोर काहीच अडथळा नसतानाचा आकडा असतो. मास बॅलन्स जुळणं आणि ग्राफ सपाट होणं एवढ्यावर हे कधीच पकडलं जात नाही, कारण गणित बरोबरच आहे, फक्त प्रश्न असा फॅन धरून विचारलाय जो तुझ्याकडे नाही.

कागदावर पटकन अंदाज काढता येतो. अडथळ्याचं प्रेशर फ्लोच्या वर्गात वाढतं. फॅनचा कर्व्ह तूर्तास सरळ रेषा धर, ७५ पासून शून्यापर्यंत. x म्हणजे १७० चा कितवा भाग:

```
150·x² = 75·(1 − x)
2x² + x − 1 = 0
x = 0.5
```

म्हणजे प्रत्यक्षात साधारण ८५ घनमीटर प्रति तास, निम्मंच. ३०० वॅटला १७० ची हवा सव्वापाच अंशांनी तापून बाहेर पडली असती, ८५ मध्ये साडेदहा अंशांनी. रबाळ्यात मे महिन्यात शेडमध्ये ४० असेल तर फॅनमधून निघणारी हवा ५० च्या वर, आणि ड्राइव्हच्या आसपास कुठेतरी त्याहून जास्त. बऱ्याच ड्राइव्हचं डीरेटिंग ४० पासूनच सुरू होतं, मॅन्युअल बघ.

आता व्हॉल्यूम फ्लो काढ, Fans मध्ये External Outlet Fan घे आणि फॅनच्या डेटाशीटमधला खरा कर्व्ह टाक. लूव्हर तसंच Environment Pressure वर राहू दे.

काका, तुमचं पण तेच असावं. धूर काढायला हवा आत यायलाही वाट लागते. खिडक्या-दारं बंद असतील तर मोठा फॅन नुसता आवाज करेल. आधी समोरची खिडकी चार बोटं उघडून बघा, मग फॅनचं ठरवा.

घोडबंदर_काका:
खिडकी उघडली की हायवेची धूळ येते हो. पण बघतो करून.

पॅनेलवाला_महापे:
धुळीवरून आठवलं, मी मेंटेनन्सला आहे, सॉफ्टवेअर कळत नाही पण तुमचा तो उणे १५० वाचून बोलतोय. वर एक्झॉस्ट लावला की डबा ओढून घेतो, लूव्हरमधून नाही मिळालं तर केबल ग्लँडच्या फटीतून, दाराच्या गास्केटमधून, जिथून मिळेल तिथून. आमच्याकडे असे पॅनेल उघडले की ग्लँड प्लेटजवळ धुळीचे फराटे दिसतात, लूव्हरचा फिल्टर मात्र तुलनेने स्वच्छ. आम्ही आता खाली फिल्टरसकट आत ढकलणारा फॅन लावतो आणि वर नुसतं आउटलेट ठेवतो. आत थोडं जास्त प्रेशर असलं की फटीतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही.

फोमवाला_तुर्भे:
हे पटतं. पण मग फॅन थंड हवेत आणि धुळीत दोन्हीत बसतो, फिल्टर चोंदला की फ्लो तिथेही पडणारच. आणि वैशालीताई, simpleFoam मधला p डेन्सिटीने भागलेला असतो, १.२ ने गुणल्याशिवाय पास्कल म्हणून वाचायचा नाही, हे दुसऱ्या कुणी वाचत असेल तर असू दे इथे.

ऐरोलीकर:
ताई, फॅन कर्व्ह टाकून रन केला. फ्लो ९२ आला, कर्व्ह मधे थोडा खाली बसलेला आहे तरी. डब्यात उणे ४४ पास्कल. पण वेलोसिटीचा प्लॉट तसाच, ड्राइव्ह निळ्यातच.

वैशाली_ठाणे:
९२ ला ४४ बरोबर बसतंय, १५० ला ९२ भागिले १७० च्या वर्गाने गुण, तेवढंच येतं.

निळ्याचं असं आहे की स्केल आपोआप सगळ्यात जास्त वेगावर लागते. लूव्हरमध्ये ५-६ मीटर असतील तर अर्ध्या मीटरची हवा निळीच दिसणार, आणि सेकंदाला अर्धा मीटर ही ड्राइव्हभोवती वाईट हवा नाही. स्केलचा मॅक्सिमम हाताने १ वर आण, लूव्हरचा भाग लाल होऊन बसेल, होऊ दे. त्यावर व्हेक्टर लाव. नुसत्या रंगावरून हवा वर चाललीय की तिथल्या तिथे गोल फिरतेय हे कळत नाही, आणि ड्राइव्हला फरक त्यानेच पडतो. एकाच प्लेनवर विसंबू नकोस, माउंटिंग प्लेटपासून ५० एमएम आणि १५० एमएम अशी दोन घे.

आणि मॉडेलमध्ये ड्राइव्ह नुसता ठोकळा आहे का? त्याचा स्वतःचा फॅन खालून ओढून वर फेकतो. तो टाकला नाहीस तर ड्राइव्हजवळचं चित्र वेगळंच येईल.

ऐरोलीकर:
ठोकळाच आहे. १ च्या स्केलवर बघितलं, झोत उजव्या भिंतीला आपटून तिच्याच कडेने वर चढून सरळ फॅनमध्ये जातोय, आणि मधे ड्राइव्हसमोर मोठा भोवरा, व्हेक्टर वर जाऊन परत खाली येतायत. ड्राइव्हचा फॅन Internal Fan म्हणून टाकतो. लूव्हर दुप्पट केला तर?

वैशाली_ठाणे:
मोकळी जागा दुप्पट झाली की लूव्हरचा अडथळा चौथा भाग. वरच्याच गणितात १५० च्या जागी ३७.५ टाक, x येतो ०.७३, म्हणजे साधारण १२५ घनमीटर. फॅन न बदलता एवढं मिळतंय. पण झोत तसाच भिंतीला जाणार असेल तर वाढलेली हवा ड्राइव्हला न लागताच निघून जाईल, त्यामुळे दुसरा लूव्हर दारावर ड्राइव्हच्या खाली घे. फिल्टर मॅट लावणार आहात का? त्याचा ड्रॉप वेगळा धरावा लागेल.

पॅनेलवाला_महापे:
लावणारच, इकडे बिनफिल्टरचं पॅनेल महिनाभरात आतून राखाडी होतं. आणि नव्या फिल्टरचा आकडा घेऊन चालणार नाही, दोन महिन्यांनंतरचा घ्या.

ऐरोलीकर:
जुन्या फिल्टरचा ड्रॉप सप्लायरकडे नाहीये, विचारलं. आमच्याकडे अॅनिमोमीटर आहे, चालू पॅनेलच्या फॅनसमोर धरून फ्लो मोजला तर त्यावरून उलटा काढता येईल का?

फोमवाला_तुर्भे:
येईल की, वेग गुणिले फॅनचं क्षेत्रफळ.

वैशाली_ठाणे:
फॅनसमोर नको. तिथे हवा गरगरत बाहेर पडते, मधे हबच्या समोर जवळपास काहीच नसतं, हात दोन इंच सरकवला की आकडा बदलतो. लूव्हरवर बाहेरून पुठ्ठ्याचा फूटभर लांब चौकोनी बोगदा चिकटवा आणि त्याच्या तोंडाशी नऊ ठिकाणी मोजून सरासरी घ्या. जमलं तर डब्याला छोटं भोक पाडून मॅनोमीटरची नळी लावा, आतलं उणे प्रेशर थेट वाचता येईल आणि फॅन कर्व्हवरून फ्लो पडताळता येईल. फक्त ग्लँडच्या फटींतून किती हवा येतेय हे त्या लूव्हरच्या मोजणीत येणार नाही, त्या टेप लावून बंद करून एकदा आणि उघड्या ठेवून एकदा मोजा.

ऐरोलीकर:
शनिवारी शटडाउननंतर एक पॅनेल मिळतंय, दोन्ही प्रकारे मोजून आकडे इथेच टाकतो.