सुनावणीविना सरपंच अपात्र: सदस्याने जिल्हाधिकाऱ्यांना हरकतीचं पत्र देऊन काही होतं का?

शिवेवरचा सदस्य

कडेगाव आणि खटावच्या शिवेवरचं गाव, जिल्हा मुद्दाम लिहीत नाही. थेट निवडून आलेल्या आमच्या सरपंचांना गायरानातल्या अतिक्रमणावरून १८ जूनच्या आदेशाने अपात्र ठरवलं. सुनावणी ११ जूनला ठेवली होती म्हणे, पण तिची नोटीस १३ ला हातात पडली. आदेश २३ ला मिळाला. खालचं पत्र उद्या, २७ ला देतोय. यात काही चुकतंय का?

> प्रति, मा. जिल्हाधिकारी. विषय: सुनावणी न घेता सरपंचांना पदावरून दूर केल्याच्या आदेशास हरकत.
>
> महोदय, आदेशात "संधी देऊनही गैरहजर" असे नमूद आहे. प्रत्यक्षात नोटीस सुनावणीनंतर दोन दिवसांनी पोहोचली. गटविकास अधिकाऱ्यांच्या अहवालाची प्रत सरपंचांना मिळालेली नाही. सदर घर त्यांच्या वडिलांनी बांधलेले असून ते नियमित करण्याचा अर्ज प्रलंबित आहे. तक्रारदार पराभूत उमेदवार असून तक्रार राजकीय आकसाची आहे. कलम ३९ नुसार सुनावणी बंधनकारक असताना ती न झाल्याने आदेश रद्द करावा, ही विनंती.

माणगंगा

पहिलं म्हणजे कलम चुकलंय. ग्रामपंचायत अधिनियमातलं ३९ हे गैरवर्तन, कामात कसूर यासाठी आहे आणि त्यात काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा असतो, जिल्हाधिकाऱ्यांचा नाही. अतिक्रमणाची अपात्रता १४(१)(ज-३) खाली येते आणि तिचा निर्णय जिल्हाधिकारी कलम १६ खाली देतात. आदेशाच्या शेवटच्या पानावर कुठलं कलम छापलंय ते आधी बघा. तिथे खरंच ३९ असेल, तर सुनावणीचा मुद्दा दुय्यम झाला. मग आदेश देणाऱ्याला अधिकारच नव्हता, एवढं एकच वाक्य पुरे. १६ असेल, तर १६(२) च्या परंतुकातच लिहिलंय की म्हणणं मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय सदस्याविरुद्ध आदेश करता येणार नाही. नैसर्गिक न्याय वगैरे मोठे शब्द वापरायची गरजच नाही, कायद्याचं परंतुक उतरवून द्या.

दुसरी गोष्ट जास्त घाईची. १६ खालच्या अपिलाला पंधरा दिवस आहेत, आणि कायद्यातले शब्द निर्णयाच्या तारखेपासून असे आहेत. १८ जूनपासून धरलं तर ३ जुलैला मुदत संपते. आदेश हातात पडल्यापासून मुदत धरावी असा युक्तिवाद करता येतो, तसं धरलं तर ८ जुलै. पण तो युक्तिवाद अडचणीत सापडलेल्या माणसासाठी आहे. तुमच्या हातात अजून आठवडा आहे, तर ३ जुलैच शेवटची समजा. तुमच्या पत्राने ही मुदत एका दिवसानेही थांबत नाही.

दप्तरी

मी उलट बाजूने बोलतो. प्रत्येक अपात्रतेच्या प्रकरणात "नोटीस मिळाली नाही" हे ठरलेलं वाक्य असतं. नोटीस एकाच वाटेने जात नाही. टपालाने जाते, तहसीलमार्फत तलाठ्याकडूनही जाते, आणि माणूस घरी नसला किंवा घेत नसला तर दोन पंचांसमक्ष दारावर डकवून पंचनामा करतात. टपाल १३ ला आलं हे खरं असेलही, पण तलाठ्याचा ८ तारखेचा पंचनामा फाइलला निघाला तर हे पत्र दोन मिनिटांत निकाली निघेल. फाइल न बघता "प्रत्यक्षात नोटीस नंतर पोहोचली" असं ठामपणे लिहू नये.

आणि निकालात काय फरक पडणार? घर गायरानात आहे हे कोणी नाकारतच नाही. हजर राहून सरपंच दुसरं काय सांगणार होते?

कृष्णाकाठ

पत्रबित्र सोडा. सुनावणी झाली नसेल तर अपिलाची गरज नाही, थेट उच्च न्यायालय. आता मुंबईला जायचंही काम नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे आणि सातारा, सांगली दोन्ही त्यात येतात. एका तारखेत स्थगिती.

माणगंगा

कृष्णाकाठ, निम्मं बरोबर आहे. सुनावणीच दिली नाही ही अपिलाचा पर्याय असतानाही रिट ऐकण्याची मान्य सबब आहे. पण ऐकायचं की नाही हे न्यायालयाच्या मर्जीवर असतं. "अपिलात जा" म्हणून परत पाठवलं तर तोवर ३ आणि ८ जुलै दोन्ही गेलेले असतील, मग विलंबाची कारणं देत बसा. अपील आधी दाखल करून ठेवायचं. अपील कायद्यात राज्य शासनाकडे म्हटलंय, पण चालतं विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात, म्हणजे आपल्याला पुणे. तिथे स्थगितीच्या अर्जावर तारखाच पडत राहिल्या, तर कोल्हापूर आहेच.

दप्तरी, फाइल बघा हे शंभर टक्के मान्य. पण माहिती अधिकारात मागू नका, तिथे उत्तराला तीस दिवस असतात आणि इथे पंधरा. उद्याच सरपंचांच्या सहीने साधा नक्कल अर्ज द्या. रोजनामा, नोटिशीची स्थळप्रत, जावक नोंदवहीतली त्या क्रमांकाची नोंद, बजावणीचा अहवाल आणि गटविकास अधिकाऱ्यांचा अहवाल मागा. ११ जूनच्या रोजनाम्यात बजावणीबद्दल काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून आहे. "बजावणी अहवाल प्राप्त, गैरहजर" आणि नुसतं "गैरहजर" यात मोठा फरक आहे. पोच आलीय की नाही हे न बघताच प्रकरण निकालासाठी बंद केलं असेल, तर ते त्या एका ओळीत दिसतं. नकला वेळेत नाहीत मिळाल्या तरी अपील थांबवू नका, नक्कल अर्जाची पोच जोडा.

"निकालात काय फरक" यावर मात्र मी असहमत. १६(२) मध्येच आहे की जिल्हाधिकारी निर्णय देईपर्यंत सदस्य अपात्र होत नाही. सुनावणीच्या मुद्द्यावर आदेश रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीला गेलं, तर नवा निर्णय येईपर्यंत सरपंच खुर्चीवर राहतात. हा फरक लहान नाही. शिवाय त्या घराची हद्द गायरानात किती येते, मोजणी भूमी अभिलेखने केली की ग्रामपंचायतीने टेप लावून, सरपंच त्याच घरात राहतात की विभक्त आहेत, हे सगळं हजर राहिल्यावरच विचारता येतं.

द्राक्षबाग

आमच्याकडे पण असंच चाललंय. तहसीलदारांनी सभा लावली, सदस्यांनी मतदान केलं, आता ग्रामसभेत गुप्त मतदान घ्यायचं म्हणतायत. सरपंचाला बोलूच दिलं नाही. हेच पत्र चालेल का?

दप्तरी

तुमचा अविश्वास ठराव आहे, कलम ३५. त्याचा आणि या धाग्याचा संबंध नाही. तिथे आरोप सिद्ध करायचा नसतो, मतं मोजायची असतात. हे पत्र उतरवून दिलंत तर हसं होईल.

शिवेवरचा सदस्य

आदेशात १४(१)(ज-३) आणि १६ च आहे, ३९ मीच घातलं होतं. पाकीट सापडलं. नोटिशीवर तारीख ४ जून, पण पाकिटावर टपालाचा शिक्का १० जूनचा आहे. तलाठ्याकडून काही आलं नाही असं सरपंच म्हणतात. पण ते अपील करतीलच की. मी सदस्य म्हणून पत्र देऊ की नको?

माणगंगा

शिक्का १० चा असेल तर ते पाकीट म्हणजे तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे. ११ च्या सुनावणीची नोटीस १० ला टपालात पडते, हे दाखवायला कुणाच्या शपथपत्राची गरज नाही. पाकीट फाडू नका, स्टेपल मारू नका, दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून मूळ जपून ठेवा. टपालाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून ट्रॅकिंगचं पान आजच छापून घ्या.

पत्रातलं एक वाक्य मात्र आजच खोडा. "घर वडिलांनी बांधलेले असून ते नियमित करण्याचा अर्ज प्रलंबित आहे." तुम्हाला वाटतंय हा बचाव आहे. वाचणारा यातून एवढंच घेईल की जागा सरकारी आहे हे तुम्हीच मान्य करताय. वडिलांनी बांधलं म्हणून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सांगितलंय. आधीच्या पिढीच्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही त्यात अडकतो. तुमचं पत्र फाइलला लागेल आणि तक्रारदाराचा वकील पुण्यात तेच वाचून दाखवेल. आकसाचं वाक्यही काढा, त्याने काही सिद्ध होत नाही.

दप्तरी

सदस्याने पत्रच देऊ नये असं मी म्हणेन. अपात्र ठरला तो बाधित. सदस्याच्या पत्रावर शाखेत "दप्तरी दाखल" असा शेरा पडतो. आणि मुळात जिल्हाधिकाऱ्यांना स्वतःचा निर्णय फिरवायचा अधिकार या कलमात कुठे आहे? एकदा सही झाली की त्यांचं काम संपलं.

माणगंगा

गुणदोषावर फेरविचार करता येत नाही, बरोबर. पण नोटीसच पोहोचली नव्हती म्हणून एकतर्फी आदेश मागे घेणं हा वेगळा प्रकार आहे, आणि अर्धन्यायिक अधिकाऱ्याला तो करता येतो असे निकाल आहेत. तो अर्ज सरपंचांनी स्वतःच्या सहीने द्यावा, अपिलासोबत, अपिलाच्या ऐवजी नाही.

सदस्याचं पत्र एका कामाचं आहे. ११ जूनपर्यंत नोटिशीची प्रत ग्रामपंचायत कार्यालयात आली नव्हती, आवक नोंदवहीत तिची नोंद नाही, एवढं सदस्य म्हणून तुम्हाला माहीत असेल तर तेवढंच लिहा:

> "दि. १ ते ११ जून या काळात ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत सदर सुनावणीच्या नोटिशीची नोंद नाही. नोंदवहीच्या संबंधित पानांची सत्यप्रत सोबत जोडली आहे. सरपंचांना टपालाने आलेल्या पाकिटावर दि. १० जूनचा शिक्का आहे. कलम १६(२) च्या परंतुकाप्रमाणे संधी मिळालेली नसल्याने ही बाब अभिलेखावर घ्यावी."

आदेश रद्द करा, अशी मागणी यात नकोच. आवक-जावक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, ती प्रत सरपंचांच्या अपिलाला जोडा.

कृष्णाकाठ

२०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जळगावच्या विचखेड्याच्या सरपंचबाईंचा अपात्रतेचा आदेश रद्द केला. तिथेही सरकारी जागेतल्या घराचाच आरोप होता. मग जनाबाईवरून एवढं घाबरायचं कशाला?

माणगंगा

तिथे सासूबरोबर सरकारी जागेतल्या घरात राहतात असा आरोप होता आणि त्या वेगळं राहत असल्याचं सांगत होत्या. निवडून आलेल्याला काढणं एवढं हलक्यात घेऊ नये, हे त्या निकालातलं तुमच्या उपयोगाचं. पण आपल्या प्रकरणात सरपंच त्याच घरात राहतात का, याचं उत्तर अजून इथे कोणी दिलेलं नाही.

दप्तरी

आवक नोंदवहीचा मुद्दा चांगला, पण नोटीस सरपंचाच्या नावे घरच्या पत्त्यावर असेल तर ती ग्रामपंचायतीच्या वहीत येणारच नाही. मग कोरी वही काय सांगणार? पत्ता कुठला होता ते बघून मगच ते वाक्य ठेवा.

आणि स्थगितीचा अर्ज वेगळा द्यायला लावा, नुसत्या अपिलाने आदेश थांबत नाही. पदभार उपसरपंचाकडे जातो, मग ग्रामपंचायत अधिकारी बँकेत सहीचा नमुना बदलायला पत्र देतो, आणि रिक्त पदाचा अहवाल तहसीलमार्फत वर गेला की पोटनिवडणुकीच्या यादीत गावाचं नाव लागतं. अहवाल गेलाय का, हे सोमवारी तहसीलच्या निवडणूक शाखेत विचारा.