‘दोन तासांचंच काम आहे गं’: आता नाही कसं म्हणू?

खतावणी
मी अकाउंट्समध्ये आहे. महिनाअखेरीचं क्लोजिंग चालू आहे, उद्या संध्याकाळी ट्रायल बॅलन्स द्यायचाय. आज दुपारी शेजारच्या टेबलवरचा सहकारी म्हणाला, ‘४० व्हेंडरांची खाती त्यांच्या स्टेटमेंटशी जुळवून देशील का? दोन तासांचंच काम आहे गं, उद्या साहेबांना द्यायचंय.’ माणूस चांगला आहे, मी आजारी होते तेव्हा त्याने माझं काम ओढलं होतं. मी ‘बघते’ म्हणून मोकळी झाले आणि आता पोटात गोळा आलाय. नाही म्हणायचंय, पण संबंध बिघडवायचे नाहीत.

सडेतोड
सरळ ‘जमणार नाही’ म्हणा आणि गप्प बसा. कारण अजिबात द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा ते खोडायला घेतो. ‘बँक बाकी आहे’ म्हणालात तर ‘मग रात्री कर’, ‘रात्री घरी पाहुणे आहेत’ म्हणालात तर ‘सकाळी लवकर ये’. कारणांची माळ तुम्ही ओवायची आणि एकेक मणी तो तोडणार. मी हे खूप वर्षं केलंय, आता करत नाही.

निवांत_कारकून
सडेतोड, उलट आहे. कारण काहीही असो, ते दिलं की माणसं ऐकतात. झेरॉक्सच्या रांगेत मध्ये घुसण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग आहे ना, एलन लँगर यांचा, १९७८ चा. ‘मला कॉपी काढायच्या आहेत म्हणून’ एवढंच पोकळ कारण दिलं तरी जवळजवळ सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं. तेव्हा ताई, ‘काम आहे म्हणून जमत नाही’ एवढं पुरे.

जुनाखांब
निवांत, प्रयोग बरोबर, पण तुम्ही अर्धाच सांगितला. ती गोष्ट पाच पानांची. त्याच प्रयोगात वीस पानं काढायची असली की पोकळ कारणाचा काही उपयोग झाला नाही. कारण न देणाऱ्यालाही २४ टक्के आणि पोकळ कारण देणाऱ्यालाही २४ टक्केच लोकांनी वाट दिली. खरं कारण सांगितलं तेव्हा आकडा ४२ वर गेला. शिवाय तिथे माणूस मागत होता, इथे बाई नकार देतायत, तो भाग वेगळाच. आणि ‘काम आहे’ हे ऑफिसात कारण होत नाही. काम त्यालाही आहे, म्हणून तर तो आला.

आता खतावणीताई, तुमचं. मला तुमच्या नकारापेक्षा त्या ‘बघते’ची जास्त काळजी वाटते. तुम्ही ते म्हणालात आणि त्याने मनातल्या मनात ती ४० खाती तुमच्या टेबलावर ठेवून दिली. आता तो दुसऱ्या कुणाला विचारणार नाही, साहेबांकडे मुदत मागणार नाही. तुम्ही उद्या दुपारी नाही म्हणालात तर त्याच्या हातात काहीच उरलेलं नसेल. लोक नकार विसरतात हो, ऐनवेळचा नकार विसरत नाहीत. त्यामुळे हे वाचून झालं की उठा आणि त्याच्या टेबलापाशी जा. चॅटवर नको, तिथे ‘नाही’ हा शब्द आहे त्यापेक्षा जाड दिसतो.

पण जाण्याआधी दहा मिनिटं कागद घ्या. तुमच्याकडे नेमकं काय उरलंय आणि किती तासांचं?

खतावणी
बँक जुळवणी दोन तास, प्रोव्हिजनच्या नोंदी तीन, ट्रायल बॅलन्सची तपासणी दोन. म्हणजे सात. आजचे दोन आणि उद्याचे सात धरले तर नऊ तास हातात आहेत. लिहिल्यावर वाटतंय, दोन तास सुटतात की! मग नाही म्हणणं खोटं ठरेल का?

परतफेड
ठरेलच. ज्याने तुमच्या आजारपणात काम ओढलं, त्याने तेव्हा तास मोजले नव्हते. आज तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलात. दोन तास आहेत ना? द्या. ऑफिसात माणूस जोडायला वर्षं लागतात, क्लोजिंग काय, दर महिन्याला येतं.

जुनाखांब
थांबा, घाई नको. दोन तास हा त्याचा अंदाज आहे. ४० खाती दोन तासांत म्हणजे एका खात्याला तीन मिनिटं. तीन मिनिटांत व्हेंडरचं स्टेटमेंट शोधून उघडून होतं, बस. मी हे काम केलंय. एका बाजूला बिल नंबरात तिरकी रेघ असते, दुसऱ्या बाजूला नुसते आकडे, म्हणून व्हीलुकअप लावलं की निम्म्या ओळींना काही सापडतच नाही. मग हाताने बघा. आपण पैसे भरलेत पण त्यांच्याकडे चढले नाहीत, त्यांचं बिल आहे पण आपल्याकडे पोचलंच नाही, डेबिट नोट एकाच बाजूला आहे. सरासरी बारा मिनिटं धरली तरी आठ तास होतात. काम मागणारा लबाडी करतो असं नाही. त्याला सुरळीत जाणारं खातं आठवतं, अडलेलं आठवत नाही.

आणि तुमचे ते सुटलेले दोन तास सुटलेले नाहीतच. ते सस्पेन्स खात्यात काहीतरी पडलेलं निघेल त्याचे आहेत. दर महिन्याला निघतं ना?

खतावणी
निघतं :( मागच्या महिन्यात दोन नोंदी निघाल्या होत्या.

मधलीसुट्टी
साहेबांनी जास्तीचं काम दिलं तर लेखी मागा, एवढंच सांगेन. आमच्याकडे तोंडी सांगून नंतर कानावर हात ठेवतात. ईमेल करा, सीसीत वरच्यांना घ्या.

सडेतोड
मधलीसुट्टी, काम साहेबांनी नाही, सहकाऱ्याने मागितलंय. सीसीत वरच्यांना घेतलं तर संबंध राहतील का उद्या?

मधलीसुट्टी
अच्छा, मी पटकन वाचलं. तरी ईमेल बरा.

जुनाखांब
मी असं बोलेन, शब्द तुमचे घाला: ‘अरे, मघाशी मी बघते म्हणाले ते चुकलं. उद्यापर्यंत माझ्याकडून ही खाती होणार नाहीत, प्रोव्हिजन आणि बँक दोन्ही अजून बाकी आहे. साहेबांना चाळीसही उद्याच हवीत का? की मोठी बाकी असलेली आधी दिली तर चालतील?’

बघा, पहिल्याच दमात ‘नाही’ येऊन गेलं. ‘बघू, प्रयत्न करते, अगदीच अडलं तर सांग’ यातलं काहीही त्याच्या पुढे चिकटवू नका, तो तेवढंच ऐकेल. ‘वेळ नाही’ असंही नको. ते ऐकताना माणसाला ‘तुझ्यासाठी नाही’ असं ऐकू येतं. काय अडलंय त्याचं नाव घेतलं तर तो स्वतःच समजतो, कारण प्रोव्हिजन म्हणजे काय हे त्यालाही माहीत आहे. सडेतोड म्हणतात तशी माळ ओवायची गरज नाही. खरं कारण एकच, आणि एकदाच.

शेवटचा प्रश्न मात्र खरी मदत आहे. ४० व्हेंडर असले की बहुतेक रक्कम सात-आठ जणांकडेच असते. यादी बाकीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली की दोन मिनिटांत दिसतं. तेवढी उद्या आणि बाकीची नंतर, हे साहेब बहुधा मान्य करतात. पण ते विचारायचं त्याने. तुम्ही परस्पर विचारलंत तर ती चुगली होईल.

पानगळ
इथे माझा विरोध. नकाराबरोबर काहीतरी देऊ करायचं हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण मी त्यात पोळलेय. एकीला म्हणाले, ‘रिपोर्ट करून देऊ शकत नाही, पण फॉर्म्युला दाखवते, १५ मिनिटं लागतील.’ १५ मिनिटं दाखवलं. मग दुपारी ती आली, एरर आली म्हणून. मग शीट दुसऱ्या मशीनवर उघडत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी तिच्या साहेबांचा फोन थेट मला! रिपोर्ट मीच केला असता तर कमी वेळात झाला असता. आणि वर नाव काय झालं, ‘हिने मदत केली नाही.’ तेव्हापासून मी सडेतोड यांच्या बाजूची. देऊ केलेली मदत हे नवीन काम असतं, फक्त त्याची मुदत कुणी लिहीत नाही.

जुनाखांब
पानगळताई, हे मान्य. मी ‘दाखवते’ म्हणा असं सांगितलं नाही, ‘विचारा’ असं सांगितलं, फरक आहे. तरी तुमचा मुद्दा खराच आहे. जे देऊ करायचं ते एका बैठकीत संपणारं असावं. फॉर्म्युला संपत नाही.

परतफेड
मग उपकाराचं काय? सगळे नकार कसा द्यावा यावरच बोलताय. तो माणूस उद्या साहेबांसमोर एकटा उभा राहणार.

निवांत_कारकून
परतफेड यांचं मला पटतं थोडं. पण फेड आजच, त्याने ठरवलेल्या वेळीच केली पाहिजे असं कुठे आहे? क्लोजिंग झाल्यावरचा एखादा दिवस ताईंनी स्वतःहून सांगावा. ‘सोमवारी सकाळी बसू.’ मात्र सांगितलं तर बसायचंच. नुसतं ‘नंतर बघू’ म्हणजे परत तेच ‘बघते’.

खतावणी
कळवते. काल साडेचारला गेले, जुनाखांब यांचं जवळजवळ तसंच बोलले. तो म्हणाला, ‘अगं, मग दुपारीच सांगायचंस ना.’ लागलं, पण खरंच होतं. मग त्यानेच यादी लावली, सात खात्यांतच बहुतेक रक्कम निघाली. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, सात उद्या द्या, बाकीची पुढच्या आठवड्यात चालतील. मी म्हटलं, सोमवारी सकाळी मी बसते तुझ्याबरोबर.

आज माझ्याकडे सस्पेन्समध्ये एक नोंद निघालीच, दीड तास गेला. ट्रायल बॅलन्स सहाला दिला. तो मात्र दिवसभर स्क्रीनवरून मान वर करत नव्हता. रागावलाय की नुसता कामात होता, कळलं नाही.

परतफेड
रागावलाय. मी असतो तर रागावलो असतो. पण सोमवारी बसलात तर जाईल.

सडेतोड
सात खाती करायची होती त्याला, म्हणून मान वर नव्हती. सगळ्याच गोष्टी आपल्याबद्दल नसतात हो.

पानगळ
ताई, एक विचारते. सोमवारी तुम्ही ‘बसते’ म्हणालात ते दोन तास, की उरलेली ३३ खाती? त्याच्याशी हे बोललात का?

खतावणी
…नाही बोलले.

पानगळ
मग आजच बोला.