काकांचा पाव हिस्सा: जागेची वाढलेली किंमत बुक व्हॅल्यूत धरायची का?

उद्यमबागवाला
आमची घरची प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्री आहे. काका बाहेर पडतायत, त्यांचे शेअर २५ टक्के. ताळेबंदात भागधारकांचे ४ कोटी, म्हणजे तीच बुक व्हॅल्यू, करानंतरचा नफा वर्षाला ७२ लाख, तो दरवर्षी पूर्ण वाटून घेतो. सीएंनी १५ टक्के परतावा धरून कंपनीची किंमत ४.८० कोटी काढली. काका म्हणतात, जागा बापजाद्यांच्या भावाने लिहिलीय, २ कोटी वाढवा. मला त्यांचं पटतं. तुम्हाला?

निपाणीकर
पटण्यासारखंच आहे. पद्धतच बुक व्हॅल्यूपासून सुरू होते, मग ती बुक व्हॅल्यू तरी आजची नको का? ६ कोटी आणि सीएंचे वरचे ८० लाख, म्हणजे ६.८० कोटी. काकांचे १.७० कोटी होतात. १.२० कोटीवर बोळवण कशाला?

शहापूरची हिशेबनीस
निपाणीकर, ते ८० लाख आले कुठून ते आधी बघा. ४ कोटींवर १५ टक्क्यांनी ६० लाख मिळायलाच हवेत. मिळाले ७२, म्हणून १२ लाख जादा. हे १२ लाख कायम येत राहतील असं धरून १५ टक्क्यांनी भागलं की ८० लाख. आता बुक व्हॅल्यू ६ कोटी केलीत तर ९० लाख मिळायला हवेत, आणि भट्टी तर तेवढेच ७२ देणार. म्हणजे दरवर्षी १८ लाखांची तूट, तिची आजची किंमत १ कोटी २० लाख. ६ कोटीतून वजा करा. परत ४.८० कोटीच. वहीत जागा कितीला लिहिली याने कंपनीची किंमत हलत नाही. तुम्ही जागा वर चढवली आणि जादा नफा जुन्या जागेवरचाच ठेवला, म्हणून २ कोटी दोनदा मोजले गेले.

खानापूर रोड
आमच्या पतसंस्थेत शेअर परत केले तर दर्शनी किमतीलाच पैसे देतात, त्याला पण हे लावता येतं काय?

शहापूरची हिशेबनीस
नाही. तिथे परतीची किंमत नियमाने ठरलेली असते, काढायची नसते.

निपाणीकर
बरं, मग दुसरं सांगा. १२ लाख कायम येतील हे कुणी ठरवलं? कोल्हापूरच्या फाउंड्र्या दर पाडून माल देतात, आपला जादा नफा टिकत नाही. समजा दरवर्षी आदल्या वर्षाच्या ६० टक्केच उरला. तर त्याची किंमत ८० लाख नाही, २२ लाखांच्या आसपास येते, कंपनी ४.२२ कोटींची. तोच ६० टक्क्यांचा नियम तुमच्या १८ लाखांच्या तुटीला लावला तर ५.६७ कोटी. एकाच भट्टीच्या दोन किमती! वहीने फरक पडत नाही म्हणता ना?

शहापूरची हिशेबनीस
हा मुद्दा चांगला काढलात. पण दुसऱ्या हिशेबात तूट आपोआप विरघळते, म्हणजे नफा हळूहळू ७२ वरून ९० लाखांवर चढतो असं तुम्ही धरलंत. पहिल्यात तोच नफा ७२ वरून ६० वर उतरतो. दोन वेगळी भाकितं घातली तर दोन उत्तरं येणारच, त्याचा दोष वहीवर कसा? आधी नफ्याचं भाकीत मांडायचं, मग त्यातून परतावा वजा करायचा. उलट्या क्रमाने गेलं की टक्केवारीच भाकीत ठरवते.

मच्छे हायड्रॉलिक्स
बाई, हिशेब बरोबर, पण माणूस विसरलात. भट्टी मच्छेला हलवून उद्यमबागची जागा विकली तर? मग ते २ कोटी वहीतले नाहीत, हातात येणारे आहेत. काकांना त्याचा वाटा का नको?

शहापूरची हिशेबनीस
खरंच विकणार असाल तर तो वाटा हवा. मग जागा वेगळी काढून मोजा, भांडवली नफ्यावरचा कर आणि हलवण्याचा खर्च वजा करा, आणि उरलेल्या धंद्याच्या नफ्यातून नव्या जागेचा खर्च काढा. विकायचं नसेल तर त्या जागेतून मिळतात ते हेच ७२ लाख. आता विकण्याचा अधिकार उरलेल्या भावांकडे, आणि बाहेर पडणारा काका. इथे सूत्र संपतं, वाटाघाट सुरू होते.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. उद्यमबागवाले, भट्टी रोज कोण बघतं, आणि त्याला पगार किती?

उद्यमबागवाला
माझा भाऊ. महिना ४० हजार घेतो. बाहेरचा माणूस ठेवला तर दीड लाखाखाली कोणी येणार नाही.

शहापूरची हिशेबनीस
म्हणजे वर्षाला १३ लाख २० हजार कमी पगार. २५ टक्के करानंतर जवळपास ९.९० लाख. तुमच्या १२ लाख जादा नफ्यातले बहुतेक भावाच्या घामाचे आहेत, भांडवलाचे नाहीत. खरे जादा २.१० लाख, कायम धरले तरी १४ लाख. कंपनी ४.१४ कोटी, काकांचे १ कोटी साडेतीन लाख.

निपाणीकर
इतकी वर्षं काका पण तसाच कमी पगारात राबले असतील की. त्यांचे कापलेले पैसे कुठल्या वहीत सापडायचे?

उद्यमबागवाला
राबलेत. आजवरच्या नफ्यातला पाव वाटा त्यांना मिळाला, एवढंच. भावाला पगाराचं अजून सांगितलेलं नाही. काकांना १.२० म्हणून सांगून बसलोय.

मच्छे हायड्रॉलिक्स
मग १.२० च द्या. सोळा-सतरा लाखांसाठी दिवाळीला तोंड फिरवून बसायचं काय?